पेटीमास्तरांची पांढरी चार

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील दिवसांवर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला प्रथम आठवली ती प्रार्थनागृहातील पेटी. रोज पहाटेच्या वंदनेनंतर ज्या दोन-तीन मुलांना तिच्याजवळ बसण्याची मुभा होती, त्यांत मी होतो. आमच्या संगीतशिक्षकांनी पहिले पंधरा दिवस आम्हाला एकही गाणे वाजवू दिले नाही. डाव्या हाताने भाता चालवायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकच पट्टी दाबून ठेवायची, एवढाच तो धडा होता. त्या धड्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी, ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, एका अकरा वर्षांच्या मुलाला शिकवताना नीट उमगला. म्हणून शाळेच्या आठवणी सांगण्याऐवजी, शाळेने दिलेली ती विद्या पुढे कोठे उपयोगी पडली, हे सांगणे मला अधिक योग्य वाटते.

टेंभी नाक्याच्या मागील बाजूस आमची जुनी चाळ आहे. पुनर्विकासासाठी ती रिकामी करावयाची ठरले आणि मे महिन्याच्या सुटीत घरोघरचे पोटमाळे खाली उतरू लागले. आमच्या शेजारच्या खोलीत पूर्वी एक गृहस्थ राहत. नोकरी गिरणीत, पण ओळख मात्र ‘पेटीमास्तर’ हीच. संध्याकाळी गायन पार्टीबरोबर ते कार्यक्रमांना जात. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. त्यांच्या नातवाने पोटमाळ्यावरून गोधडीत गुंडाळलेली पेटी खाली आणली, तेव्हा ती काय वस्तू आहे हे त्याला ठाऊकही नव्हते. भंगारवाल्याने तिचे दीडशे रुपये सांगितले होते. मुलाची आई म्हणाली, “भाऊजी, देण्याआधी एकदा बघता का? ह्याने कालपासून हट्ट धरलाय.”

पेटी एकेरी सुरांची, हलक्या बांधणीची होती. खांद्यावर टाकून गाडीने कल्याण-कसाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वादकाला अशीच पेटी परवडे. जुनी पेटी पाहताना मी प्रथम सगळ्या खुंट्या बंद करतो, भाता हळूहळू भरतो आणि थांबतो. आतला भाता हवा किती वेळ धरून ठेवतो, यावरून पेटीचा जीव कळतो. ही पेटी दोन-तीन क्षणांतच बसली. भात्याच्या घडीवरचे कापड झुरळांनी कुरतडले होते. मग एकेक पट्टी दाबून पाहिली. चार-पाच सूर घोगरे होते, दोन पट्ट्या खाली गेल्या की वर येत नव्हत्या, आणि मधल्या सप्तकातील पांढरी चार पूर्ण मुकी होती. घोगरे सूर बहुधा धुळीमुळे असतात. पितळेची पातळ पाती आणि तिच्याभोवतीची खाच यांमध्ये कण अडकला की पाती मोकळी हलत नाही. पाती नखाच्या टोकाने किंचित उचलून खालून कागदाची पट्टी फिरवली की सूर बोलतो. तेल मात्र चुकूनही घालू नये. त्यावर धूळ अधिक बसते. आम्ही त्या रात्री घोगरे सूर मोकळे केले. पांढरी चारची पाती मात्र मुळाशी तडकलेली होती. वर्षानुवर्षे हलून हलून धातू थकतो आणि जेथे पाती जडवलेली असते तेथेच चीर पडते. तिला दुसरा उपाय नाही. सूरच बदलावा लागतो.

कारागिराकडे पेटी नेण्यास मला आठवडा लागला. भात्याला चिकटपट्ट्या लावून मी ती कशीबशी चालती केली होती, आणि त्या आठवड्यात मुलाने एकट्यानेच एक शोध लावला. “काका, फक्त काळ्या वाजवल्या ना, तर काहीही वाजवलं तरी गोड लागतं!” त्याचे म्हणणे खरे होते. काळ्या पट्ट्या पाचच. काळी तीनला षड्ज मानले तर त्या पाचांतून भूप रागाचे स्वर मिळतात आणि काळी एकला षड्ज मानले तर त्याच पाचांतून दुर्ग्याचे. पट्ट्या त्याच राहतात, पाय कोठे रोवला यावर घर बदलते. मी हे त्याला सांगितले नाही. अकरा वर्षांच्या मुलाला रागाच्या नावांपेक्षा कानात राहिलेल्या एका चालीची गरज अधिक असते.

ती चाल त्याच्या आजीजवळ होती. पेटीमास्तरांनी बुद्धपौर्णिमेच्या सकाळी म्हणावयाच्या चार कडव्यांच्या एका गीताला चाल लावली होती. शब्द त्यांच्या वहीत सापडले. स्वरलेखन कोठेच नव्हते, ध्वनिमुद्रणही नव्हते. पार्टीतले त्यांचे साथीदार एकेक करून गेले होते. ती चाल आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, ती म्हणजे एका ऐंशीच्या घरातल्या बाईच्या कानात. काकूंना दम लागे. एका वेळी त्या दोन ओळी म्हणत आणि थांबत. मुलाने त्या दोन ओळींमागे बोट फिरवून फिरवून पहिली ओळ बसवली आणि मोठ्या उमेदीने वाजवून दाखवली. काकू ऐकून म्हणाल्या, “छान आहे बाळा. पण हे त्यांचं गाणं नव्हे.”

मी जवळच बसलो होतो, म्हणून कारण लगेच कळले. ओळ साधी होती: सा रे ग, प ग रे, सा. मुलाने षड्ज काळी एकला धरला होता. तेथून गंधार येतो नेमका पांढरी चारवर, आणि ती पट्टी मुकी. मुलाने शेजारची काळी तीन दाबून काम भागवले होते. म्हणजे गंधाराच्या जागी मध्यम आला, भूपाचा दुर्गा झाला. कानाला गोडच लागत होते. परके मात्र झाले होते. पुष्कळदा पहिले गाणे शिकणारा येथेच फसतो: बेसूर लागत नाही, म्हणून चुकले आहे असे वाटत नाही.

यावर एक सोपी पळवाट होती, आणि मी ती करून पाहिली. षड्ज काळी तीनला न्यावा. मग पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात आणि पांढरी चारची गरजच उरत नाही. मुलाने तासाभरात ओळ तशी बसवली. काकूंनी मान डोलावली, गाऊ लागल्या आणि अंतऱ्याच्या पहिल्याच ओळीला थांबल्या. षड्ज पुरता चौथ्या स्वराइतका वर सरकला होता. वरचा षड्ज त्यांच्या गळ्याबाहेर गेला. मग खालच्या सप्तकात धरून पाहिले, तर गाण्याची सुरुवातच त्यांना घेता येईना. “गाणं आता तेच आहे,” त्या म्हणाल्या, “पण मला त्यात शिरता येत नाही.” आणि त्यांना शिरता आले नाही तर पुढची कडवी कोठून मिळणार? चाल तर त्यांच्याचजवळ होती.

पेटीमास्तर स्वतः कोणत्या पट्टीत गात, हे काकूंना सांगता येईना. त्या वादक नव्हत्या. पण पेटीला सांगता आले. दिवसाच्या उजेडात पट्ट्यांवरून तिरपी नजर टाकली तेव्हा पांढऱ्यांपैकी दोनच पट्ट्या मधल्या सप्तकात खोलगट झालेल्या दिसल्या: चौथी आणि पहिली. बाकीच्या पांढऱ्यांवरचे आवरण पिवळे पडले होते, पण सपाट होते. काळ्या मात्र पाचही घासून गुळगुळीत झालेल्या. काळी एकला षड्ज धरून शुद्ध स्वरांचे सप्तक वाजवले, तर पाच काळ्या आणि दोनच पांढऱ्या लागतात. गंधारासाठी पांढरी चार आणि निषादासाठी पुढची पांढरी एक. दुसऱ्या कोणत्याही पट्टीत ही जोडी जमत नाही. मास्तर आयुष्यभर काळी एकला बसले होते. एवढेच नव्हे, पांढरी चारचा खळगा मधोमध नव्हता, डाव्या कडेला होता. तर्जनी काळी एकवर, मधले बोट काळी दोनवर आणि मग अंगठा बोटांच्या खालून सरकून पांढरी चारवर, अशा रीतीने हात चालवला की अंगठ्याची कड नेमकी तेथेच पडते. मुलाने स्वतःचा अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. तो काही बोलला नाही. बराच वेळ त्याने तो काढलाही नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. झिजलेल्या पट्ट्या गाणे सांगत नाहीत. तीस-पस्तीस वर्षांत मास्तरांनी शेकडो गाणी वाजवली असतील, त्या सर्वांची झीज एकमेकांत मिसळलेली होती. पट्ट्यांनी सांगितले ते एवढेच, की हात कोठून सुरू होई आणि अंगठा कोठे वळे. गाणे कोणते, गंधार की मध्यम, हे काकूंच्या कानालाच विचारावे लागले.

बाजारपेठेतील एका जुन्या कारागिराकडे पेटी दिली. त्याने भाता नव्या कापडाने बांधला, पट्ट्यांखालच्या दोन स्प्रिंगा बदलल्या आणि पांढरी चारला नवी पाती बसवली. नवी पाती बाकीच्या सुरांशी जुळवणे हे नाजूक काम असते. पातीच्या टोकाकडून धातू किंचित खरवडला की सूर चढतो, मुळाकडून खरवडला की उतरतो. खरवडलेले परत लावता येत नाही, म्हणून कारागीर दोन-चार हात फिरवतो, पाती जागेवर बसवतो, शेजारच्या सप्तकातील त्याच सुराबरोबर वाजवून ऐकतो. दोन्ही सुरांत लाटेसारखी थरथर ऐकू आली की अजून अंतर आहे. थरथर संथ होत होत थांबली की सूर मिळाला. मुलाने हे सर्व टक लावून पाहिले. शेवटी कारागीर म्हणाला की पट्ट्यांवरचे जुने आवरण काढून नवे पांढरेशुभ्र बसवतो, पेटी कोरी दिसेल. त्याचा सल्ला त्याच्या परीने बरोबर होता. मुलगा मात्र पेटीवर हात ठेवून उभा राहिला. “नको. खड्डा राहू दे.”

मग खरे शिकणे सुरू झाले आणि तेव्हा मला आमच्या प्रार्थनागृहातील ते पंधरा दिवस आठवले. नवशिका प्रत्येक स्वराबरोबर भाता ओढतो. पट्टी बदलली की हात झटकतो. त्यामुळे प्रत्येक स्वर धक्का खाऊन निघतो आणि ओळ तुटते. गाणाऱ्याने प्रत्येक अक्षराला नवा श्वास घ्यावा तसे ते ऐकू येते. भात्याचा आणि बोटांचा संबंध तोडणे, हा पेटीचा पहिला धडा आहे. मी त्याला काळी एक दाबून ठेवावयास सांगितली आणि मनात सोळा मोजेपर्यंत सूर जाड-बारीक होऊ द्यायचा नाही, अशी अट घातली. भाता पुरता उघडावयाचा नाही, रिकामाही होऊ द्यावयाचा नाही. बोटांच्या टोकांनी, थोडा थोडा. तीन आठवड्यांनी तो सूर स्थिर झाला. मग दोन स्वर, एका भात्यात. मग तीन. अंगठा खालून वळवताना मनगट उचलले जाई आणि गंधार उशिरा येई, त्यात जुलै गेला. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडखळू लागल्या, म्हणून पेटी भिंतीपासून दूर, कोरड्या फडक्यात ठेवावी लागे.

पहिली ओळ बसली, तरी काकूंच्या ओळीत जे होते ते पेटीत येईना. त्या पंचमावरून गंधारावर उतरताना आवाज घसरत आणत. पेटीचे स्वर एकमेकांपासून सुटे असतात. मधल्या जागेत तिला जाता येत नाही. हीच तिची जुनी उणीव आहे. युरोपात जन्मलेले हे वाद्य पायाने भाता चालवण्याचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने वाजणारी पेटी घडवली आणि ती मांडी घालून बसणाऱ्या गायकाजवळ आली. पण तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे बांधलेले स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, या आक्षेपावरून १९४० साली नभोवाणीने तिला बाहेर ठेवले, ते जवळजवळ तीन दशके. त्या काळातही कीर्तनात, नाटकात, जलशात आणि गायन पार्ट्यांत ती वाजतच होती. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, त्या परंपरेत पेटी हे शोभेचे वाद्य नव्हते. ध्वनिक्षेपक नसलेल्या मैदानात गायकाचा सूर धरून ठेवणारा तो आधार होता. पेटीमास्तर त्याच वाटेवरचे एक निनावी वादक.

घसरण निघत नसेल तर तिचा भास द्यावा, ही त्या वादकांचीच युक्ती. गंधार दाबण्याच्या किंचित आधी पंचमाला निसटता स्पर्श करायचा, त्यावर थांबायचे नाही. काळी चारवरचे बोट उचलत असतानाच अंगठा पांढरी चारवर यावा. मुलाला हे जमण्यास दीड महिना लागला. प्रथम दोन वेगळे स्वर ऐकू येत, मग पट्ट्यांचा खडखडाट, आणि एका दिवशी मात्र काकू स्वयंपाकघरातून न सांगता बाहेर आल्या.

त्यानंतर गाणे त्या दोघांचे झाले. मी बाजूला बसे. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची गर्दी लोटते, संध्याकाळी स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येणे कठीण. तेवढे नऊ दिवस ते दोघे पहाटे साडेपाचला बसत. काकू एक ओळ म्हणत, मुलगा वाजवी. काकू चुकल्या असे वाटले तर तो विचारी, “आजी, काल इथे वर गेली होतीस.” आणि त्या पुन्हा म्हणून पाहत, कधी कालचे खरे ठरवीत, कधी आजचे. तिसऱ्या कडव्याची चाल पहिल्यासारखीच आहे, हे त्यांना आठवले. चौथ्याची वेगळी होती, एवढेच आठवले, कशी ते आठवले नाही. पुष्कळ प्रयत्न करूनही ती सापडली नाही. मुलाने एकदा मला विचारले, “काका, चौथं मी लावू का?” मी म्हटले, “आजीला विचार.” काकू म्हणाल्या, “लाव. पण तुझं आहे म्हणून सांग.”

डिसेंबरमध्ये मास्तरांचा स्मृतिदिन आला. चाळीतील तो शेवटचा कार्यक्रम. जानेवारीत सर्वांनी घरे सोडली. पंचवीस-तीस माणसे सतरंजीवर बसली होती. मुलाने तीन कडवी वाजवली, काकूंनी गायिली. दुसऱ्या कडव्यात भाता एकदा रिकामा झाला आणि सूर बारीक पडला. काकूंनी ओळ लांबवून त्याला वेळ दिला. चौथ्या कडव्याच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, “ही चाल आजोबांची नाही. माझी आहे.” मग वाजवली. ती पुष्कळशी पहिल्या कडव्यासारखीच होती, शेवटी मात्र खाली येण्याऐवजी पंचमावर थांबत होती.

या लेखाचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांतही अशा पेट्या असतील. पोटमाळ्यावरून खाली आणाल तेव्हा भाता दुरुस्त करा, सूर बदला, स्प्रिंगा बदला. पट्ट्या घासून-पुसून कोऱ्या करण्यापूर्वी मात्र एकदा उजेडात धरून पाहा. आणि ज्यांनी ती पेटी वाजताना ऐकली आहे असे घरातील माणूस अजून असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता त्यांच्या ओळी कोणत्याही साध्या यंत्रावर मुद्रित करून ठेवा. पाती पन्नास वर्षांनीही बदलता येते. काकूंना चौथे कडवे आठवेपर्यंत थांबण्याची सवड आमच्याजवळ उरली नव्हती.

मुलगा आता बाराचा आहे. दोन-एक वर्षांत त्याचा आवाज फुटेल आणि काळी एक त्याला राहील की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पांढरी दोनला गावे लागले तर हेच गाणे त्याला नव्या पट्ट्यांवरून, नव्या बोटांनी बसवावे लागेल. अंगठा तेव्हा सपाट पट्टीवर पडेल. मी त्याला तशी कल्पना दिली आहे. त्याने थोडा विचार करून विचारले, “किती वर्षं वाजवलं की खड्डा पडतो, काका?”